स्क्रीनशॉटवर आकडे टाकायला बसण्याआधी

मॅन्युअलमधल्या स्क्रीनशॉटवर पायऱ्यांचे आकडे टाकायचे असतील तर आधी आकडे न टाकलेला कोरा स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मगच पुढचं वाचा. मागच्या वेळी मी हेच विसरलो आणि सगळी चित्रं पुन्हा काढत बसलो.

स्क्रीनशॉट घ्यायला Win+Shift+S पुरतं. पूर्ण स्क्रीन घेऊ नका, लागेल तेवढाच भाग घ्या. रुंद चित्र पानावर बसवताना बारीक होतं आणि त्यासोबत आकडेही. नावं, पगार वगैरे खरे नकोत, चाचणीच्या नोंदी भरूनच चित्र घ्या. धूसर केलेली अक्षरं कधीकधी वाचता येतात.

आकडे पॉवरपॉइंटमध्ये टाका. स्लाइडवर चित्र ठेवा, Shift दाबून वर्तुळ काढा (नाहीतर ते लंबगोल होतं), गडद रंग भरून आत पांढरा आकडा लिहा आणि Ctrl+D ने प्रती काढा. नुसती लाल कडा नको: ऑफिसात मॅन्युअल काळ्या-पांढऱ्यात छापलं जातं, तेव्हा ती करडी होऊन हरवते. वर्तुळ रकान्याच्या डावीकडे मोकळ्या जागेत बसवा. बटणावर ठेवलंत तर त्याचं नावच झाकलं जाईल, आणि वाचणारा तेच नाव शोधत असतो.

आता रजेच्या अर्जाचा स्क्रीन घ्या: १ पासूनची तारीख, २ पर्यंतची तारीख, ३ कारण, ४ सबमिट. महिन्याभराने वर ‘रजेचा प्रकार’ हा रकाना येतो. तो १ होतो, बाकीचे चारही आकडे एकेकाने सरकतात. स्लाइड जपून ठेवली असेल तर नवा स्क्रीनशॉट वर्तुळांच्या मागे घालायचा आणि आकडे बदलायचे, पाच मिनिटांचं काम. हातात फक्त PNG असेल तर आकडे चित्राचाच भाग झालेले असतात, सुटे होत नाहीत. म्हणून PPTX फाइल पुसू नका. मॅन्युअल छापून झालं तरी पुसू नका. फाइलला चित्राचंच नाव द्या, म्हणजे सापडेल.

याच कारणासाठी प्रत्येक चित्रात आकडे १ पासून सुरू करा. सलग २७ पर्यंत नेलेत तर मधली एक पायरी वाढली की पुढची सगळी चित्रं बिघडतात. एका चित्रात पाच-सहाहून जास्त आकडे लागत असतील तर दोन चित्रं करा.

झालं की सगळं निवडून Ctrl+G, राइट क्लिक, Save as Picture. ग्रुप न करता एकटं चित्र सेव्ह केलंत तर आकडे मागेच राहतात.

मजकुरात ‘१’ असेल तर चित्रातही ‘१’ हवा, ‘1’ नको. एक पान छापून हातभर अंतरावरून आकडे वाचता येतात का बघा. मग ज्याने हा स्क्रीन कधी पाहिलेला नाही त्याच्याकडून अर्ज भरून घ्या, तो अडेल तिथलं वर्तुळ हलवा.

आणि पाठवण्याआधी कोरे स्क्रीनशॉट व PPTX दोन्ही शेअर ड्राइव्हवर आहेत ना, ते उघडून बघा.