खोक्याला रिबन किती लागेल? कापण्याआधीचा हिशेब

आहेराची साडी आणि संत्रा बर्फीचा पुडा एकत्र मावेल असा खोका घ्या: लांबी 30 सेंमी, रुंदी 22, उंची 10. त्यावर अधिकच्या चिन्हासारखी आडवी-उभी रिबन आणि मध्यभागी बो. नागपुरात लग्नसराईत हा प्रकार नेहमीचाच, म्हणून हिशेबही त्याचाच करू.

आधी कागद गुंडाळून घ्या, मग मापं घ्या. झाकण तळापेक्षा रुंद असेल तर माप झाकणाचं धरा, कारण रिबन त्याच्या कडेवरूनच जाते. टेप शिंप्याची, मऊ असलेली बरी.

आता रिबनच्या वाटेवर बोट फिरवून पाहा. लांबीच्या दिशेने ती वरून एकदा आणि खालून एकदा जाते, म्हणजे लांबी दोनदा. रुंदीचंही तसंच. पण उंची मात्र चारदा मोजायची, कारण चारही बाजूंवर रिबनची एकेक पट्टी उतरते. म्हणून:

2 × लांबी + 2 × रुंदी + 4 × उंची + बो

आपल्या खोक्यासाठी 60 + 44 + 40 = 144 सेंमी. बहुतेकांची चूक उंचीपाशी होते. ती दोनदाच धरली, तर इथे थेट 20 सेंमी कमी पडतात. गंमत म्हणजे तरीही रिबन खोक्याभोवती नीट फिरते, गाठही बसते आणि बोच्या पाकळ्या काढताना कळतं की लटकायला टोकंच उरली नाहीत. शेवटी रिबन कमी पडली की आधी उंचीचा आकडा तपासा.

बोचं माप खोक्याच्या मापातून निघत नाही, ते तुम्हाला बो केवढा हवा त्यावर ठरतं. पाकळी 8 सेंमीची हवी असेल तर रिबन जाऊन परत येते, म्हणजे एका पाकळीला 16 आणि दोन पाकळ्यांना 32. दोन्ही टोकं 10-10 सेंमी, म्हणजे 20. गाठीत साधारण 8. एकूण 60. हे झालं एक-दीड सेंमी रुंदीच्या साटिन रिबनचं. एक इंच रुंद रिबन गाठीतच बरीच जास्त खाते. तिथे अंदाज नको. रोलच्या मोकळ्या टोकाला, न कापता, एखाद्या बाटलीभोवती मनासारखा बो बांधा, रिबन गाठीत शिरते तिथे दोन्ही बाजूंना पेनाने बारीक खूण करा, रोलच्या बाजूला टोक जिथे संपायला हवं तिथेही एक खूण करा, सोडा आणि प्रत्येक बाजूला गाठीच्या खुणेपासून टोकापर्यंतची लांबी मोजा. दोन्ही बाजूंची बेरीज हाच तुमच्या बोचा खरा आकडा.

144 आणि 60 मिळून 204. तळाशी पडणारा पीळ आणि टोकं तिरकी कापताना जाणारा तुकडा धरून 210 सेंमी कापा.

बांधताना रिबनचा बरोबर मध्य झाकणाच्या मध्यावर ठेवा. दोन्ही टोकं लांबीच्या दिशेने खाली न्या, तळाशी एकमेकांत अडकवून काटकोनात वळवा आणि रुंदीच्या बाजूंनी वर आणा. वरच्या पट्टीखालून ओवून गाठ मारा, मग बो. सुरुवात मध्यावरून केली नाही तर एक टोक लांब, एक आखूड राहतं, आणि एकूण माप बरोबर असूनही बो होत नाही. एका बाजूनेच चकाकणारी साटिन असेल तर तळाच्या वळणावर ती उलटते, बाजूंवर मळकट अंग दिसू लागतं. ओढून घट्ट करण्याआधी तिथेच आणखी एक अर्धा पीळ द्या, चकाकी बाहेर येईल.

खोके 30 असतील तर इतवारीच्या बाजारात रोल घेताना लेबल वाचा. त्यावर पुष्कळदा मीटर नसून यार्ड असतात, आणि 10 यार्ड म्हणजे फक्त 914 सेंमी. 30 खोक्यांना 6300 सेंमी; 914 ने भागलं की 6.89, म्हणजे सात रोल पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. एका रोलमधून 210 चे चारच अखंड तुकडे निघतात आणि 74 सेंमी उरतात. सात रोलमध्ये 28 खोके होतात, म्हणून आठ घ्या. उरलेल्या 74 च्या तुकड्यातून या खोक्याला बोसकट एक आडवी पट्टीही होत नाही, कारण तिला 44 + 20 + 60 म्हणजे 124 लागतात. पण लहान पाकिटांना तो चालतो, तेव्हा टाकू नका.