प्लेटिंगच्या माहितीपत्रकातून टाकीवरचा मराठी तक्ता कसा तयार करावा

रसायनांचा पुरवठादार नवा बाथ देतो तेव्हा त्यासोबत दोन-चार पानांचे इंग्रजी माहितीपत्रक देतो. ते केमिस्टच्या कपाटात जाते आणि रेक्टिफायरचा नॉब प्रत्यक्ष फिरवणारा ऑपरेटर मात्र मागच्या शिफ्टने जे सांगितले त्यावर काम चालवतो. या पत्रकावरून टाकीशेजारी लावण्याजोगा मराठी तक्ता कसा करावा, हे येथे दोन बाथ घेऊन पाहू. एक आहे लोखंडी जॉबवर जस्त चढवणारा ॲसिड क्लोराइड झिंकचा आणि दुसरा ॲल्युमिनिअमच्या सल्फ्युरिक ॲसिड ॲनोडायझिंगचा.

पहिले काम म्हणजे कोणता शब्द मराठीत आणायचा आणि कोणता जसाच्या तसा ठेवायचा हे ठरवणे. शालेय पुस्तकांत विद्युत विलेपन, धनाग्रीकरण, धनाग्र, ऋणाग्र असे चांगले शब्द आहेत, परंतु टाकीवर ते कोणी उच्चारत नाही. तेथे बाथ, जॉब, रॅक, रेक्टिफायर, पिकलिंग, ब्राइटनर हेच शब्द चालतात आणि तक्त्यातही तेच ठेवावेत. भाषांतर करायचे ते क्रियेचे. ‘पिकलिंग’ हा शब्द तसाच ठेवून त्यापुढे ‘गंज आणि काळा पापुद्रा निघेपर्यंत ॲसिडमध्ये बुडवणे’ असे लिहिले, तर नव्या माणसालाही काय करायचे ते कळते. शब्दकोश उघडून बसणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कोशातून ‘बाथ’चे स्नान होते, पिकलिंगचे लोणचे होते आणि ‘कॉपर स्ट्राइक’, म्हणजे मुख्य प्लेटिंगच्या आधी दिलेला तांब्याचा पातळ थर, थेट तांब्याचा संप होऊन बसतो.

रसायने मिसळण्याच्या वाक्यात मराठी विभक्तीचा उपयोग करून घ्यावा. ‘पाणी व ॲसिड मिसळावे’ या वाक्यातून क्रम कळत नाही. ‘आधी टाकीत पाणी घ्यावे आणि ढवळत राहून त्या पाण्यात ॲसिड थोडे थोडे सोडावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये’ असे लिहिले म्हणजे चुकीला जागा उरत नाही. हे वाक्य लांब झाले तरी चालेल.

आता खरी अडचण. पत्रकात ज्याला करंट डेन्सिटी म्हणतात, त्याचे ‘विद्युतप्रवाह घनता’ हे भाषांतर शास्त्रदृष्ट्या बरोबर असूनही कारखान्यात दिशाभूल करते. टाकीवर ‘घनता’ म्हणजे हायड्रोमीटर बुडवून द्रावणाची पाहिलेली घनता. त्यामुळे ‘घनता वाढवावी’ असे वाचून एखादा ऑपरेटर नॉबकडे न जाता क्षाराच्या गोणीकडे गेला, तर त्यात त्याची चूक नाही. शिवाय या नावात मुख्य गोष्टच सांगितलेली नाही, ती म्हणजे भागाकार. एकूण करंट जॉबच्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि प्रत्येक चौरस डेसिमीटरच्या वाट्याला किती अँपिअर येतात, एवढेच ते मोजमाप आहे. म्हणून तक्त्यात ‘दर चौरस डेसिमीटरला अँपिअर’ असे सरळ लिहावे आणि चौरस डेसिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद तुकडा, हे दाखवण्यासाठी त्याच मापाचा पत्र्याचा एक चौकोन कापून तक्त्याशेजारी टांगावा. हा चौकोन जॉबवर ठेवून पाहिला की शब्दांनी पटवावे लागत नाही.

भाषांतर करताना एककही तपासावे. अमेरिकी पत्रकांत हा आकडा चौरस फुटाला दिलेला असतो. एक चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस डेसिमीटर, तेव्हा तेथील २० अँपिअर म्हणजे आपले सुमारे २.१५. दोन्ही एककांची संक्षिप्त रूपे, ए.एस.एफ. आणि ए.एस.डी., एका अक्षरानेच वेगळी आहेत. एका कारखान्यासाठी तक्ता करताना मी स्वतः हे शेवटचे अक्षर नीट पाहिले नाही आणि २० हा आकडा तसाच उतरवला. चाचणीसाठी लावलेल्या चार जॉबना मिळून १२ चौरस डेसिमीटर पृष्ठभाग होता, म्हणून ऑपरेटरने तक्त्याप्रमाणे २४० अँपिअर दिले. लागणार होते जेमतेम २६. जॉब बाहेर काढले तेव्हा त्यांच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या आणि कोपऱ्यांवर बोटाने चुरगळेल असा भुसभुशीत थर साचला होता. याला टाकीवर ‘जॉब जळला’ म्हणतात, आणि तक्त्यातही तेच म्हणावे. मात्र त्यापुढे ओळख लिहावी: कडा काळपट व खरखरीत दिसल्या तर करंट जास्त आहे, खोलगट भाग निस्तेज राहिला आणि कडा चांगल्या आल्या तर करंट कमी असण्याची शक्यता आधी पाहावी.

यानंतर जाडी आणि वेळ. येथे ऑपरेटरला सूत्र देण्याऐवजी तयार आकडे द्यावेत. हिशेब तक्ता करणाऱ्याने करावा. समजा, पट्टी १५ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद आहे. एका बाजूचे क्षेत्रफळ १.५ चौरस डेसिमीटर होते, पण प्लेटिंग दोन्ही बाजूंवर चढते, म्हणून एका पट्टीचे ३ धरावे. ही दुसरी बाजू विसरणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि तिच्यामुळे करंट बरोबर निम्मा पडतो. रॅकवर अशा २० पट्ट्या असतील तर एकूण ६० चौरस डेसिमीटर होतात आणि दर चौरस डेसिमीटरला २ अँपिअर धरल्यास रेक्टिफायरवर १२० अँपिअर ठेवावे लागतात.

जस्ताच्या बाबतीत, सगळा करंट धातू चढवण्यातच खर्ची पडला तर, दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर देऊन मिनिटाला ०.२८५ मायक्रॉन थर चढतो. प्रत्यक्षात थोडा करंट हायड्रोजन तयार करण्यात जातो. ॲसिड क्लोराइड बाथसाठी ९५ टक्के धरल्यास २ अँपिअरला मिनिटाला सुमारे ०.५४ मायक्रॉन मिळतात, म्हणजे ८ मायक्रॉनसाठी जवळजवळ १५ मिनिटे लागतात. अल्कलाइन बाथमध्ये हे प्रमाण बरेच खाली असते, म्हणून एका बाथचा वेळ दुसऱ्याच्या तक्त्यात उतरवू नये.

परंतु ही १५ मिनिटे तक्त्यात तशीच लिहिली तर माल परत येईल. हिशेबातून निघते ती सरासरी जाडी. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर असते ती किमान जाडी, आणि तीही ठरावीक पृष्ठभागावर. कडांवर करंट जास्त ओढला जातो, म्हणून तेथे ११-१२ मायक्रॉन चढलेले असताना पट्टीच्या मध्यावर ६ भरू शकतात. म्हणून ‘जाडी ८ मायक्रॉन’ असे मोघम न लिहिता ‘पट्टीच्या मध्यभागी मोजल्यावर ८ मायक्रॉनपेक्षा कमी नको’ असे लिहावे, मोजायची जागा छोट्या चित्रात ठिपक्याने दाखवावी आणि वेळ २० मिनिटांपासून धरून पहिल्या रॅकच्या मोजमापावरून पक्का करावा.

ॲनोडायझिंगचा तक्ता स्वतंत्रच करावा, कारण प्लेटिंगचे शब्द तेथे उलटे पडतात. झिंक प्लेटिंगवर काम केलेल्या माणसासाठी ‘ॲनोड’ म्हणजे टाकीत टांगलेल्या जस्ताच्या प्लेटा. ॲनोडायझिंगमध्ये मात्र जॉबच ॲनोड असतो आणि समोर टांगलेल्या शिशाच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या प्लेटा कॅथोड असतात. (पुस्तकातला ‘धनाग्रीकरण’ हा शब्द या ठिकाणी अगदी अचूक आहे, हे मान्य करावे लागेल.) तक्त्यात ॲनोड-कॅथोड हे दोन्ही शब्द टाळून ‘जॉबचा बार रेक्टिफायरच्या पॉझिटिव्हला’ असे लिहावे आणि बसबारवर लाल रंगाने अधिक चिन्ह काढावे. जोडणी उलट झाली तर जॉबवर थर तयारच होत नाही.

क्रियापदही बदलावे लागते. जस्त जॉबवर बाहेरून येऊन चढते. ॲनोडायझिंगचा थर जॉबच्याच ॲल्युमिनिअमपासून तयार होतो. साध्या सल्फ्युरिक ॲनोडायझिंगमध्ये ढोबळमानाने त्याचा दोन-तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या आत आणि एक-तृतीयांश बाहेर असतो. म्हणून ‘थर चढतो’ न लिहिता ‘थर तयार होतो’ असे लिहावे. हा शब्दांचा कीस वाटेल, पण मायक्रोमीटर हातात घेतला की फरक दिसतो. गोल जॉबवर १५ मायक्रॉनचा थर तयार झाला की व्यास सुमारे १० मायक्रॉनच वाढतो, प्रत्येक बाजूला ५. ‘चढतो’ असे वाचलेला ऑपरेटर या वाढीवरून थर ५ मायक्रॉनचाच आहे असे समजतो आणि जॉब नापास करतो. तक्त्यात ‘थर एडी करंट गेजने मोजावा, व्यासाच्या वाढीवरून ठरवू नये’ ही ओळ हवी.

वेळेसाठी, साधारण २० अंश सेल्सिअसच्या बाथमध्ये दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर देऊन मिनिटाला सुमारे ०.३ मायक्रॉन धरावे. १.५ अँपिअरला १५ मायक्रॉनसाठी ३३ ते ३५ मिनिटे लागतात. बाथ तापला तर थर मऊ पडतो आणि हात लावल्यावर पावडर येते, म्हणून तापमानाच्या रकान्यात नुसता आकडा न देता ‘२२ च्या वर गेल्यास नवा रॅक सोडू नये, चिलर पाहावा’ असे कृतीसह लिहावे.

तक्ता लावण्याआधी तो ऑपरेटरकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि नंतर त्यात नसलेला प्रश्न विचारावा. मी एकदा झिंकच्या टाकीवर विचारले, “काका, शिफ्ट संपताना दहाच पट्ट्या उरल्या, तर करंट किती ठेवाल?” ते म्हणाले, “तक्त्यात एकशेवीस दिलंय, तेवढाच.” म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरला दुप्पट, ४ अँपिअर, आणि जळलेल्या कडा. तक्त्यात रॅकवर २० पट्ट्या गृहीत धरल्या होत्या, पण तसे लिहिलेले नव्हते. त्या ओळीच्या जागी आम्ही तीन ओळी लिहिल्या: २० पट्ट्या, १२० अँपिअर, १५ पट्ट्या, ९० अँपिअर, १० पट्ट्या, ६० अँपिअर. त्याखाली काकांनीच एक ओळ सुचवली आणि ती त्यांच्याच शब्दांत ठेवली: ‘जॉब मोजा, मग नॉब फिरवा, वेळ तोच.’