रात्री गायब होणारे कॅमेरे

चार-पाच इमारतींच्या सोसायटीत सीसीटीव्हीची तक्रार आली की नवीन मुलगा थेट रेकॉर्डर रूममध्ये जातो आणि एनव्हीआरच्या मेन्यूत शिरतो. माझा सल्ला असा, की आधी वॉचमनला विचारा: नेमके कुठले कॅमेरे जातात, आणि केव्हा? एकच कॅमेरा जात असेल तर बिघाड बहुधा त्याच्या केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये. अख्खी विंग एकदम गेली तर त्या विंगचा स्विच, त्याची वीज किंवा फायबर. काहीच कॅमेरे, आणि तेही अंधार पडल्यावर जात असतील, तर मात्र वेगळं प्रकरण असतं.

पुण्यातल्या एका सोसायटीत नेमकं तेच होतं. सेक्रेटरींचं ठाम मत होतं की सी विंगची फायबर तुटलीय. पण फायबर तुटली तर त्या विंगचे आठही कॅमेरे जायला हवेत. इथे सहा व्यवस्थित चालू होते आणि मागच्या कंपाउंडचे दोन सूर्यास्तानंतर जायचे. गंमत म्हणजे ते अधूनमधून परत यायचे, थोडा वेळ चित्र दाखवायचे आणि पुन्हा काळे व्हायचे.

मीटर रूममध्ये पीओई स्विच होता, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा; त्यावर आठ पोर्ट होते आणि सगळ्या पोर्टना मिळून वीज होती 60 वॉट. दिवसा प्रत्येक कॅमेरा साधारण 5 वॉट घेत होता, म्हणजे एकूण 40. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा 9 वॉट मागतो. आठांचे झाले 72. स्विचकडे तेवढी वीज नाही, म्हणून तो कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करतो. बहुतेक स्विचवर ते शेवटच्या नंबरचे असतात, म्हणून सात आणि आठ गेले. उरलेले सहा 54 वॉटवर चालले. मग सातव्याला पुन्हा वीज मिळाली. सुरू होताना त्याचे दिवे बंद असतात, त्यामुळे एकूण 59, म्हणजे बसतंय. मिनिटभरात दिवे लागले की 63, की पुन्हा बंद. येणं-जाणं चालायचं ते असं.

याची खात्री करायला रात्री थांबावं लागत नाही. भर दुपारी प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डे/नाइट मोड ‘नाइट’वर टाकायचा. दिवे एकेक करून लागतात आणि एका आकड्यानंतर पोर्ट पडायला लागतात. आम्ही तसंच केलं. सेक्रेटरींसमोर केलं हे विशेष, कारण नवीन स्विचचा खर्च कमिटीला पटवायचा होता. जोवर मंजुरी येत नाही तोवर दोन कॅमेरे वेगळ्या पीओई इंजेक्टरवर टाकले. दिव्यांची तीव्रता कमी करूनही भागतं, पण मग कंपाउंडची भिंत दिसत नाही, आणि कॅमेरा लावला होता तो त्या भिंतीसाठीच. नवीन काम घेताना रात्रीच्या कमाल वॉटची बेरीज करा, त्यावर चतुर्थांश भर घाला आणि मगच स्विच निवडा. पोर्ट मोजून स्विच घेणारे पुष्कळ भेटतात.

फायबरचा दोष खरोखर असतो तेव्हा तो असा गुपचूप वागत नाही, पण तोही फसवतो. एका इमारतीतून दुसरीत तांब्याची केबल टाकत नाहीत, कारण नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर आहे, शिवाय दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते आणि वीज कडाडली की लाट तांब्यातून स्विचपर्यंत येते. फायबर प्रकाश नेते, वीज नाही. फायबर स्विचला जोडणारे, एका धाग्यावर चालणारे एसएफपी मॉड्यूल जोडीने येतात: एका टोकाचं 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतं आणि 1550 वर ऐकतं, दुसऱ्याचं उलट. दोन्हीकडे एकच प्रकार लावला तर लिंकचा दिवा लागतच नाही. नव्या कामात हे तपासणं पहिलं.

लिंक दिसतेय, पण अख्खी विंग मधूनमधून जातेय, तेव्हा फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावा. सोसायटीतली 200-300 मीटरची ओढ तसं पाहिलं तर क्षुल्लक. जोड आणि कनेक्टर धरून एक-दोन डीबी जातात. -5 डीबीएमने निघालेला प्रकाश -7 च्या आसपास यायला हवा. तो -20 दिसला तर आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर क्लीनरने पुसा, कारण बरेचदा धूळच असते. लेसर चालू असताना टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो. पुसूनही फरक पडला नाही तर डक्टच्या वळणावर जा. त्याच सोसायटीत बी विंगला पुढे हे झालं तेव्हा पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्यांनी केबल कोपऱ्यात दाबून ठेवली होती. वळण सैल केलं आणि मीटर -8 वर आला.