रिकाम्या व्हरांड्यात ९० सेंटिमीटर: इनपुट कॅप्चरने अंतर मोजताना

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी आमच्या गटाने अडथळा पाहून वळणारी छोटी गाडी केली. पुढे एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आत अर्डुइनो युनो, म्हणजे एटमेगा ३२८पी. समोर मीटरभराच्या आत काही आलं की गाडीने वळायचं, एवढाच नियम. प्रयोगशाळेत, टेबल-खुर्च्यांच्या गर्दीत ती अचूक वळायची. मग आम्ही तिला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलं. तिथे पुढे दहा मीटरपर्यंत काहीच नव्हतं, तरी ती सोडल्या सोडल्या वळली. सरळ केली, पुन्हा वळली. लॅपटॉप जोडून आकडा पाहिला तर ९०. समोर नुसती हवा असताना सेन्सर ९० सेंटिमीटर म्हणत होता.

या ९० चा शोध घेता घेता मला टायमर खरा कळला. म्हणून नव्याने हे करणाऱ्यांसाठी ती गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

सेन्सरचं काम असं चालतं. ट्रिगर पिनवर १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झच्या आठ लाटा सोडतो आणि इको पिन वर नेतो. परतलेला आवाज ऐकू आला की इको पिन खाली येते. इको जितका वेळ वर राहिली, तितका वेळ आवाजाला जायला-यायला लागला. दर सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद धरले की अंतर मिळतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रिगर दिल्या क्षणी इको वर जात नाही, आधी त्या लाटा निघतात. माझ्या मॉड्यूलवर हा उशीर साडेचारशे मायक्रोसेकंदांच्या आसपास होता. ट्रिगरपासून वेळ मोजला असता तर प्रत्येक आकड्यात सात-आठ सेंटिमीटर जास्तीचे आले असते. म्हणून मोजायची ती फक्त इकोची रुंदी, चढत्या कडेपासून उतरत्या कडेपर्यंत.

बहुतेक जण सुरुवात `pulseIn()` ने करतात, आम्हीही तशीच केली. पण ते फंक्शन इको खाली येईपर्यंत प्रोसेसरला जागेवर उभं ठेवतं. तेवढ्या वेळात गाडीचं बाकी काही चालत नाही. शिवाय मध्येच दुसरा इंटरप्ट आला तर मोजणीत फरक पडतो. इनपुट कॅप्चरमध्ये हे काम टायमरचं हार्डवेअर करतं. टायमरचा काउंटर आपल्या गतीने धावत असतो. ठरलेल्या पिनवर कड आली की त्या क्षणीचा आकडा `ICR1` या रजिस्टरमध्ये आपोआप उतरतो. इंटरप्टचं फंक्शन थोडं उशिरा चाललं तरी आकडा कडेच्या क्षणाचाच असतो. घड्याळाकडे आपण बघण्याऐवजी घड्याळानेच वेळ लिहून ठेवावी, तसं.

आणखी एक खरं सांगायला हवं. एकच सेन्सर असेल आणि प्रोग्रॅम साधा असेल, तर साध्या पिन-इंटरप्टमध्ये `micros()` वाचूनही आकडा पुरेसा चांगला येतो. इनपुट कॅप्चरचा खरा उपयोग प्रोग्रॅममध्ये इतर इंटरप्टची गर्दी झाल्यावर कळतो.

युनोवर कॅप्चरची पिन ठरलेली आहे: डिजिटल ८, म्हणजे `PB0`. इको तिथेच जोडायची, दुसऱ्या पिनवर चालत नाही. टायमर १ या कामात गुंतला की ९ आणि १० वरचं `analogWrite()` आणि सर्व्होची लायब्ररी दोन्ही हातची जातात, कारण त्यांनाही हाच टायमर लागतो. मोटरचा वेग ९ नंबरवरून सांभाळत असाल तर तार आधीच ५ किंवा ६ वर हलवा.

सेटअप एवढाच:

```c
DDRB  &= ~(1 << PB0);
TCCR1A = 0;
TCCR1B = (1 << ICES1) | (1 << CS11);
TIFR1  = (1 << ICF1);
TIMSK1 = (1 << ICIE1);
```

यातली `TCCR1A = 0` ही ओळ गाळू नका. अर्डुइनोचा स्वतःचा सुरुवातीचा कोड टायमर १ ला आठ बिटांच्या पीडब्ल्यूएमवर लावून ठेवतो. ती ओळ नसेल तर काउंटर २५५ पर्यंत जाऊन परत खाली उतरतो आणि अंतर वाटेल ते येतं. ओळखायची खूण सोपी आहे: `ICR1` चा आकडा छापून बघा, तो २५५ च्या वर कधीच जात नसेल तर हीच चूक आहे.

इंटरप्टचं फंक्शन असं:

```c
volatile uint16_t start_t, width;
volatile uint8_t ready;

ISR(TIMER1_CAPT_vect) {
  uint16_t t = ICR1;
  if (TCCR1B & (1 << ICES1)) {
    start_t = t;
    TCCR1B &= ~(1 << ICES1);
  } else {
    width = t - start_t;
    ready = 1;
    TCCR1B |= (1 << ICES1);
  }
  TIFR1 = (1 << ICF1);
}
```

`ICES1` एक असेल तर चढती कड पकडली जाते, शून्य असेल तर उतरती. पहिली कड मिळाली की आपण बिट उलटवतो, म्हणजे पुढची कड उतरती मिळते. बिट बदलताना कॅप्चरचा झेंडा खोटाच वर जाऊ शकतो, म्हणून शेवटी `ICF1` वर एक लिहून तो साफ करायचा. एक लिहिल्यावर तो शून्य होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं, पण या चिपमध्ये झेंडे असेच उतरवतात.

आता त्या ९० कडे वळू. सेटअपमध्ये `CS11` एकटाच आहे, म्हणजे प्रीस्केलर ८: घड्याळाचे आठ ठोके झाले की काउंटर एकाने पुढे सरकतो. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, तेव्हा काउंटरचा एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. भिंत ५० सेंटिमीटरवर असेल तर इको २,९०० मायक्रोसेकंद, म्हणजे ५,८०० टिक. टेपने मोजून भिंतीपुढे ठेवलं तेव्हा आकडा याच्या आसपासच आला. चार मीटरला ४६,४०० टिक होतात आणि सोळा बिटांत ६५,५३५ पर्यंत जागा आहे. वजाबाकी बिनचिन्ह असल्याने काउंटर मध्ये एकदा उलटला तरी उत्तर बरोबर येतं. कागदावर सगळं बसत होतं.

मी प्रयोगशाळेत दोन दिवस कोडच वाचत बसलो होतो. सरांनी विचारलं, “समोर काहीच नसताना सेन्सर काय पाठवतो, ते तू पाहिलंस का?” मी म्हटलं, “सर, काहीच पाठवत नसेल ना?” त्यांनी ऑसिलोस्कोपचा प्रोब इको पिनवर लावला, गाडीचं तोंड खिडकीबाहेर केलं आणि म्हणाले, “आता बघ आणि मोज.”

पडद्यावर सुमारे ३८ मिलिसेकंदांचा लांबलचक पल्स होता. आवाज परत आला नाही तर हा सेन्सर गप्प राहत नाही. तो इको वरच ठेवून वाट बघतो आणि शेवटी कंटाळून खाली आणतो. ३८ मिलिसेकंद म्हणजे ७६,००० टिक. पण काउंटर ६५,५३६ टिकांनी, म्हणजे ३२.७७ मिलिसेकंदांनी फेरी पूर्ण करतो. त्यामुळे वजाबाकीत एक अख्खी फेरी गळून पडते: ७६,००० वजा ६५,५३६ म्हणजे १०,४६४ टिक. ते झाले ५,२३२ मायक्रोसेकंद, आणि ५८ ने भागले की ९०.२ सेंटिमीटर. आमचा ९० इथून येत होता. फेरी उलटली तरी बिनचिन्ह वजाबाकी सांभाळून घेते हे खरं, पण मोजायचा वेळ एका फेरीपेक्षा कमी असेल तोपर्यंतच.

मग तिरक्या भिंतीचंही कोडं सुटलं. भिंतीकडे तिरकं जाताना गाडी मधूनच ९० दाखवायची. गुळगुळीत भिंतीवर आवाज तिरका पडला की आरशावरच्या प्रकाशासारखा दुसरीकडे निघून जातो, सेन्सरकडे येतच नाही. तिथेही तोच ३८ मिलिसेकंदांचा पल्स.

यावर एक उपाय म्हणजे ओव्हरफ्लोचा इंटरप्ट लावून फेऱ्या मोजणं. मी तो करून पाहिला आणि सोडून दिला. कड आणि ओव्हरफ्लो एकाच सुमारास आले तर फेरी कोणाच्या खात्यात धरायची, हे नीट हाताळावं लागतं. त्यापेक्षा प्रीस्केलर ६४ करा:

```c
TCCR1B = (1 << ICES1) | (1 << CS11) | (1 << CS10);
```

आता एक टिक ४ मायक्रोसेकंदांचा आणि फेरी २६२ मिलिसेकंदांची. ३८ चा पल्स त्यात आरामात मावतो. बाजारात या सेन्सरच्या काही प्रती इको याहून बराच वेळ वर ठेवतात, त्यांनाही जागा उरते. बारकावा गेला अशी हळहळ वाटायचं कारण नाही. ४ मायक्रोसेकंद म्हणजे अंतरात ०.७ मिलिमीटर. हवेत ४० किलोहर्ट्झची एक लाटच साडेआठ मिलिमीटरची असते. परतीच्या आवाजातली एक लाट सेन्सरने सोडून पुढची पकडली तरी आकडा चार मिलिमीटरने सरकतो. अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टिकाने त्यात सुधारणा होत नाही.

आता ५० सेंटिमीटरला ७२५ टिक येतात आणि रिकाम्या जागेत सुमारे ९,५००. चार मीटरचे ५,८०० होतात, म्हणून ६,००० च्या वरचा आकडा अंतर समजायचाच नाही, ‘समोर काही नाही’ असा वेगळा निकाल द्यायचा:

```c
if (width > 6000) cm = 0xFFFF;
else              cm = width * 4 / 58;
```

कोणताही साधा आकडा ‘काही नाही’साठी वापरू नका. शून्य दिलात तर गाडी भिंतीला टेकली असं समजेल.

यानंतरही एक गडबड उरली होती. गाडीवर आम्ही रंगीत एलईडीची पट्टी लावली होती. ती रंग पाठवताना इंटरप्ट बंद ठेवते, एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद. चढत्या कडेचा आकडा हार्डवेअर तेव्हाही टिपतं, पण पुढची कड उतरती पकड हे सांगणारं आपलं फंक्शन अडकून राहतं. अडथळा ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर तोवर पल्स संपूनही जातो. मग उतरती कड निसटते आणि मोजणी पुढच्या पल्सच्या उतरत्या कडेलाच संपते: एका पल्सऐवजी पहिल्या पल्सच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंतचा वेळ मोजला जातो. हात जवळ नेल्यावर ‘समोर काही नाही’ असा निकाल यायला लागला, की ओळखा. यासाठी मी दर ट्रिगरच्या आधी `ICES1` पुन्हा एक करतो, झेंडा साफ करतो आणि आधी इको खाली आहे ना ते तपासतो. पट्टीला रंग पाठवायचं कामही मोजणी संपून `ready` मिळाल्यावरच करतो. दोन ट्रिगरमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ देतो, म्हणजे आधीच्या आवाजाचे रेंगाळलेले पडसाद नव्या मोजणीत येत नाहीत.

मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, दोन मीटरवरची भिंत १९४ दिसू लागली तेव्हा मी पुन्हा टायमरच तपासायला घेतला. टायमर ठीक होता. ५८ हा भागाकार साधारण २२ अंश सेल्सिअसच्या हवेचा आहे. ४० अंशांना आवाज सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास धावतो, म्हणून इको लवकर परत येते आणि भिंत सहा सेंटिमीटर जवळ दिसते. गाडीला तेवढ्याने काही फरक पडत नव्हता, तो भागाकार मी तसाच ठेवला. पुढे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजायला हाच कोड वापरला, तेव्हा मात्र शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग `331.3 + 0.606 * T` या सूत्राने दर वेळी काढला.