या चुका टाळा: फोन नंबर आणि खाते क्रमांक एक्सेलमध्ये का बिघडतात?

सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक करून ती थेट एक्सेलमध्ये उघडणे ही या विषयातली मूळ चूक आहे आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात. सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असते. कोणता रकाना आकड्याचा आणि कोणता मजकुराचा, याची नोंद तिच्यात कुठेही नसते. त्यामुळे फाइल उघडताना एक्सेल स्वतःच अंदाज बांधते आणि ज्यात केवळ अंक दिसतील ते सारे संख्या समजून घेते. फोन नंबर किंवा खाते क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, ती केवळ ओळख पटवणारी अंकांची माळ आहे, हे एक्सेलला कळण्याची सोय नाही.

नागपुरातील एखाद्या पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. लाभांश वाटपासाठी संस्थेच्या संगणक प्रणालीतून सभासदांची यादी काढली. तिच्यात सभासद क्रमांक, दूरध्वनी, 91 लावलेला मोबाइल आणि बँकेचा 16 अंकी खाते क्रमांक असे रकाने आहेत. नमुन्यासाठी घेतलेली पुढील ओळ कोणाचीही नाही.

```
00457,07120000000,911234567890,1234567890123456
```

ही ओळ डबल-क्लिकने उघडली, की सभासद क्रमांक 457 होतो, दूरध्वनीतील पहिले शून्य जाते, मोबाइल 9.11235E+11 असा दिसू लागतो आणि खाते क्रमांकाच्या जागी 1.23457E+15 येते. वरवर पाहता हा एकच बिघाड वाटतो, पण प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

मोबाइल: दिसण्यातला बिघाड

सेलचे स्वरूप General असताना एक्सेल जास्तीत जास्त 11 अंक सरळ दाखवते. बारावा अंक आला की ते घातांकी रूपावर जाते. म्हणून 10 अंकी मोबाइल नंबर घातांकी रूपात दिसला, तर दोष बहुधा अरुंद रकान्याचा असतो आणि रकाना रुंद केल्यावर नंबर पूर्ण दिसतो. 91 लावलेला 12 अंकी नंबर मात्र रकाना कितीही ताणला तरी सरळ होत नाही. तरीही आत मूळ संख्या शाबूत असते. सेल निवडून वरच्या फॉर्म्युला पट्टीत पाहिल्यास 911234567890 असे पूर्ण दिसते.

इथे अनेक जण घाईने त्या रकान्याला Text हे स्वरूप देतात आणि काहीच बदलले नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. आधी भरलेल्या संख्येला नंतर Text स्वरूप दिल्याने ती जुन्या रूपात परत येत नाही. रकान्याला Number स्वरूप देऊन दशांश स्थळे 0 ठेवावीत, किंवा शेजारच्या रिकाम्या रकान्यात पुढील सूत्र वापरावे.

```
=TEXT(C2,"0")
```

खरा धोका `Ctrl+S` मध्ये आहे. सीएसव्ही म्हणून जतन करताना एक्सेल सेलमध्ये जसे दिसते तसे लिहिते, म्हणजे फाइलमध्ये 9.11235E+11 हीच अक्षरे जातात. तीच फाइल पुन्हा उघडली, की संख्या 911235000000 झालेली असते. शेवटचे सहा अंक कायमचे गेले. यादीत एकसारखे शून्यांनी संपणारे नंबर दिसू लागले, तर कोणीतरी फाइल उघडून जतन केली आहे हे ओळखावे आणि दुरुस्तीच्या भानगडीत न पडता मूळ प्रणालीतून यादी नव्याने काढावी. फाइल केवळ उघडून, जतन न करता बंद केली असेल, तर मूळ फाइलला काहीही झालेले नसते. नोटपॅडमध्ये उघडून याची खात्री करून घेता येते.

दूरध्वनी: नागपूरकरांचा खास घोटाळा

मुंबईच्या 022 मधले शून्य गेले, तर 22 ने सुरू होणारा नंबर पाहणाऱ्याला लगेच खटकतो, कारण आपल्याकडे मोबाइल नंबर 2 ने सुरू होत नाही. नागपूरच्या 0712 चे शून्य गेले, की मागे 712 ने सुरू होणारा 10 अंकी नंबर उरतो आणि तो हुबेहूब 7 ने सुरू होणाऱ्या मोबाइलसारखा दिसतो. मोबाइल आणि दूरध्वनी एकाच रकान्यात भरण्याची सवय असलेल्या कार्यालयात मग अशा नंबरांवरही एसएमएस धाडले जातात आणि ते का पोहोचत नाहीत याचा उलगडा कोणालाच होत नाही.

सुदैवाने हे शून्य परत लावता येते. भारतात एसटीडी कोडचे शून्य धरून दूरध्वनी क्रमांक 11 अंकी होतो: नागपूरला 0712 नंतर सात अंक, वर्ध्याला 07152 नंतर सहा. त्यामुळे रकान्यात केवळ दूरध्वनीच असतील आणि ते सारे कोडसह लिहिलेले असतील, तर अकरा शून्यांचे सूत्र पुरेसे आहे.

```
=TEXT(B2,"00000000000")
```

मोबाइलची सरमिसळ असेल, तर हे सूत्र मोबाइललाही शून्य लावून मोकळे होईल. म्हणून आधी दोन रकाने वेगळे करावेत. सभासद क्रमांकालाही हाच उपाय चालतो, पण तो नेहमी पाच अंकीच आहे हे माहीत असेल तरच. काही क्रमांक 0457 आणि काही 00457 असे असतील, तर 457 पाहून मूळ कोणते होते हे सांगता येणार नाही.

खाते क्रमांक: उघडताक्षणीच नुकसान

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले 15 सार्थ अंकच जपते आणि सोळाव्या जागी शून्य बसवते. 1234567890123456 उघडताच 1234567890123450 होते. जतन करण्याची वाट पाहावी लागत नाही आणि कोणतेही स्वरूप दिल्याने तो 6 परत येत नाही. लाभांशाच्या यादीत सगळे खाते क्रमांक शून्याने संपत असतील, तर ती यादी बँकेकडे पाठवू नये.

फाइल उघडण्याची योग्य रीत

आधी रिकामी वर्कबुक उघडावी आणि Data मधील From Text/CSV निवडून फाइल दाखवावी. येणाऱ्या चौकटीत Data Type Detection या यादीतून Do not detect data types निवडावे, सभासदांची नावे देवनागरीत असतील तर File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) आहे ना ते पाहावे आणि Load करावे. सर्व रकाने मजकूर म्हणून येतात, त्यामुळे शून्ये आणि सोळावा अंक जागच्या जागी राहतात. लाभांशाच्या रकमेचा रकाना तेवढा नंतर संख्येत बदलून घ्यावा.

Transform Data मधून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे रकान्याचा प्रकार Text करताना Replace current आणि Add new step असे दोन पर्याय विचारले जातात. त्यांपैकी Replace current निवडावा. दुसरा पर्याय आधीच संख्या झालेल्या गोष्टीवर काम करतो, त्यामुळे शून्य परत येत नाही आणि माणूस मात्र रकाना Text आहे म्हणून निर्धास्त राहतो.

अशी यादी वर्कशीटवर आली, की सेलच्या कोपऱ्यात हिरवे त्रिकोण उमटतात आणि त्यावर क्लिक केल्यास Convert to Number हा पर्याय समोर येतो. तो दाबला, की केलेले सगळे काम पाण्यात जाते. Ignore Error निवडावे. पुढे काम करायची प्रत .xlsx मध्येच ठेवावी आणि सीएसव्ही फक्त शेवटी, अपलोड करण्यापुरती बनवावी. बनवल्यावर ती पुन्हा एक्सेलमध्ये डबल-क्लिकने तपासण्याचा मोह टाळून नोटपॅडमध्ये पाहावी.

मायक्रोसॉफ्ट 365 वापरणाऱ्यांना File, Options, Data या मार्गाने Automatic Data Conversion मधील शून्ये काढण्याची आणि लांब संख्या घातांकी रूपात नेण्याची खूण काढून टाकता येते. ही सोय चांगली आहे, पण ती तुमच्या संगणकापुरती. तीच सीएसव्ही शेजारच्या टेबलावर जुन्या एक्सेलमध्ये उघडली गेली, तर 00457 चे पुन्हा 457 होणारच.