पेपरमध्ये मॉडेलचे आकडे मांडताना: केळीच्या करप्याचं उदाहरण

जळगावकडच्या मुलांचे पेपर वाचून देताना एक वाक्य मला हमखास भेटतं: "मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली." पण कशावर आली? क्रॉस-व्हॅलिडेशनवर की बाजूला ठेवलेल्या टेस्ट सेटवर? ते कुठेच नसतं, आणि रिव्ह्यूअर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

समजा, रावेर-यावल भागातल्या ५० बागांतून केळीच्या पानांचे २,००० फोटो घेतले आणि करपा ओळखायचा आहे. फोटो सरसकट पिसून पाच भाग केले, तर एकाच झाडाचे दोन फोटो शिकवण्यातही येतात आणि तपासण्यातही. मग मॉडेल करप्याऐवजी त्या बागेची माती आणि ऊन ओळखायला लागतं, आणि आकडा फुगतो. म्हणून वाटणी बागेनुसार करा: १० बागा सुरुवातीलाच बाजूला, उरलेल्या ४० बागांचे आठ-आठचे पाच फोल्ड. `GroupKFold` ला गट म्हणून बागेचा क्रमांक दिला की हे होतं. पेपरमध्ये 'पाच फोल्ड' एवढंच लिहून भागत नाही. वाटणी कशानुसार केली ते आधी लिहा.

आता निकाल. सेटिंग्ज निवडल्या त्या क्रॉस-व्हॅलिडेशन पाहूनच, त्यामुळे तो आकडा थोडा आपल्या बाजूने झुकलेलाच असतो. त्याला अंतिम कामगिरी म्हणू नका. मी मुलांना असं लिहायला सांगते:

"सर्व सेटिंग्ज ४० बागांवरील क्रॉस-व्हॅलिडेशनने निवडल्या, करपा ओळखण्याचं सरासरी प्रमाण ९२ टक्के, फोल्डमधील प्रमाण विचलन ४. त्यानंतर मॉडेल चाळीसही बागांवर पुन्हा शिकवलं आणि न पाहिलेल्या १० बागांवर एकदाच तपासलं. करपा असलेल्या ६० पैकी ५४ फोटो बरोबर ओळखले, म्हणजे ९० टक्के."

६० पैकी ५४ हे लिहाच. विल्सनच्या पद्धतीने त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ८० ते ९५ येतो; नुसत्या '९० टक्के'मधून हा पसारा वाचकाला कळत नाही. तोही खरं तर थोडा अरुंदच, कारण एका बागेतले फोटो एकमेकांसारखे असतात. जमल्यास बागा उचलून बूटस्ट्रॅप करा. फोल्डमधलं ते ४ मात्र विश्वास अंतराल म्हणून देऊ नका. फोल्डचे शिकवण्याचे संच एकमेकांत मिसळलेले असतात, ते स्वतंत्र प्रयोग नव्हेत.

टेस्टचा आकडा पाहून सेटिंग बदलण्याचा मोह आवरा. बदललंत, तर तो टेस्ट सेट उरत नाही; नव्या बागा आणाव्या लागतात. क्रॉस-व्हॅलिडेशन ९८ आणि टेस्ट ८० असं अंतर दिसलं, तर आधी वाटणी तपासा: एखादी बाग दोन नावांनी नोंदलेली निघते, किंवा फोटोंचं नॉर्मलायझेशन वाटणीआधीच सगळ्या डेटावर केलेलं असतं.

मर्यादांत एक ओळ ठेवा: टेस्टच्या बागाही याच दोन तालुक्यांतल्या, एकाच पावसाळ्यातल्या. शिरपूरच्या किंवा हिवाळ्यातल्या पानांवर हे मॉडेल तपासलेलं नाही.