निवाड्यावरून चार पर्यायांचा प्रश्न काढताना या चुका टाळा

कायद्याच्या परीक्षांसाठी आलेले प्रश्न तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून एकच निवाडा घेऊन त्या सविस्तर मांडतो. निवाडा आहे भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास, सर्वोच्च न्यायालय, 1965. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची सरकी पेंड आणि अहमदाबादचा व्यापारी यांच्यातला हा वाद. व्यापाऱ्याने अहमदाबादहून फोन करून पेंड घेण्याचा प्रस्ताव दिला आणि खामगावच्या गिरणीने फोनवरच तो स्वीकारला. पुढे पेंड आली नाही, म्हणून व्यापाऱ्याने अहमदाबादेत दावा लावला. त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र आहे का, हा वाद थेट दिल्लीपर्यंत गेला. बहुमताने ठरले की फोनवरच्या करारात स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादेत. पत्राला लागू असलेला नियम, म्हणजे स्वीकृती पाठवली तिथेच करार झाला हा, फोनला लावायला बहुमताने नकार दिला. न्या. हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते. करार कायद्याच्या कलम 4 च्या शब्दांप्रमाणे करार खामगावलाच झाला, असे ते म्हणाले.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे गावे बदलताना नकळत तथ्येही बदलणे. एका सराव परीक्षेवरच्या हरकती तपासायला माझ्याकडे आल्या होत्या. प्रश्न असा होता: सोलापूरच्या व्यापाऱ्याने लातूरच्या तेलगिरणीला फोन करून पेंडीचा भाव विचारला. गिरणीने भाव सांगितला. व्यापारी म्हणाला, ‘ठीक आहे, पन्नास क्विंटल पाठवा.’ गिरणी म्हणाली, ‘पाठवतो.’ करार कुठे झाला? उत्तरतालिकेत सोलापूर होते. एका मुलीने हरकत घेतली की भाव सांगणे हाच गिरणीचा प्रस्ताव, ‘पाठवा’ ही स्वीकृती आणि ती ऐकू आली लातूरला, म्हणून करार लातूरला. दुसऱ्याने उलट लिहिले की नुसता भाव सांगणे म्हणजे प्रस्ताव नव्हे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1893 मध्येच हार्वे विरुद्ध फेसी या प्रकरणात सांगितले आहे. म्हणून ‘पाठवा’ हा प्रस्ताव, ‘पाठवतो’ ही स्वीकृती आणि सोलापूर बरोबर. दिलेल्या चार ओळींवरून दोघांनाही खोडता येत नव्हते. प्रश्न रद्द झाला आणि सर्वांना गुण द्यावे लागले. प्रश्न काढणारे मात्र शेवटपर्यंत सांगत होते की निवाडा तोच आहे, फक्त गावे बदलली.

निवाडा तोच नव्हता. मूळ प्रकरणातही प्रस्ताव कुणी दिला यावरच पक्षकार भांडत होते. व्यापाऱ्याचे म्हणणे होते की प्रस्ताव खामगावचा आणि स्वीकृती आमची. खालच्या न्यायालयाने उलट ठरवले: प्रस्ताव अहमदाबादचा, स्वीकृती खामगावची. हे ठरल्यावरच वरचा कायद्याचा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाने पुरावा पाहून जे ठरवून दिले, ते प्रश्न काढणाऱ्याने प्रश्नात स्पष्ट लिहून दिले पाहिजे. हे संक्षेपात सापडत नाही, त्यासाठी निवाडा पहिल्या परिच्छेदापासून वाचावा लागतो. नवीन मंडळींना एका संध्याकाळी वीस प्रश्न हवे असतात आणि म्हणून ती संक्षेपावरच थांबतात. मी दोन प्रश्नांवर एक संध्याकाळ घालवतो आणि ते जास्त झाले असे मला वाटत नाही.

दुसरी चूक विचारण्याची. ‘दावा कुठे लावता येईल?’ असे विचारले की दोन उत्तरे बरोबर येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही दावा लावता येतो आणि दाव्याचे कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडले तिथेही. म्हणजे खामगावला दावा लावायला कुणाचीच आडकाठी नव्हती. प्रश्न होता तो अहमदाबादेतही लावता येतो का, हा. म्हणून विचारायचे ते ‘करार कुठे झाला’ एवढेच.

आता चुकीच्या पर्यायांकडे येतो, कारण बहुतेकांचा कंटाळा इथेच दिसतो. पुणे, मुंबई अशी गोष्टीत नसलेली गावे घालून जागा भरली, तर ती दोन खोडून उरलेल्या दोनांत विद्यार्थी अंदाज लावतो. चुकीचा पर्याय हा कुणीतरी खरोखर केलेल्या चुकीच्या विचारातून यायला हवा आणि तो विचार बहुतेक वेळा निवाड्यातच सापडतो: हरलेल्या पक्षाच्या युक्तिवादात, नाहीतर भिन्नमतात. मी हा प्रश्न असा लिहीन:

सोलापूरच्या व्यापाऱ्याने फोनवर लातूरच्या गिरणीला ठरावीक दराने पन्नास क्विंटल पेंड विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. गिरणीने फोनवरच ‘मंजूर’ म्हटले आणि व्यापाऱ्याने ते स्पष्ट ऐकले. माल आणि पैसे दोन्ही लातूरला द्यायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानुसार करार कुठे झाला?

(अ) लातूर, कारण स्वीकृतीचे शब्द तिथे उच्चारले गेले
(ब) सोलापूर, कारण प्रस्ताव तिथून दिला गेला
(क) सोलापूर, कारण स्वीकृती तिथे ऐकू आली
(ड) लातूर, कारण कराराची पूर्तता तिथे व्हायची होती

(अ) निवडणारा पत्राचा नियम फोनला लावतो किंवा त्याने फक्त भिन्नमत वाचलेले असते. (ब) निवडणाऱ्याला गाव माहीत आहे, कारण माहीत नाही. नुसता प्रस्ताव दिल्याने त्या जागी दाव्याचे कारण घडत नाही, हे न्यायालयाने वेगळे सांगितले आहे. (ड) निवडणारा करार होण्याची जागा आणि पूर्ततेची जागा यांची गल्लत करतो. दोन पर्याय लातूरचे, दोन सोलापूरचे, त्यामुळे नुसते गाव पाठ असून भागत नाही. ‘बहुमतानुसार’ हा शब्द गाळला तर (अ) ची बाजू घेणारा हरकत घेईल आणि कलम 4 चे शब्द त्याच्या हाताशी असतील. ‘स्पष्ट ऐकले’ हेही गाळू नये. ओळ मधेच तुटली असती तर करार झाला का, इथूनच सुरुवात करावी लागली असती.

माझ्या वहीत प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोण निवडेल आणि का, हे एका ओळीत असते. ती ओळ सुचली नाही तर तो पर्याय मी काढून टाकतो. मग उत्तर न सांगता प्रश्न एखाद्या वकील मित्राला देतो आणि कुठलाही चुकीचा पर्याय घेऊन माझ्याशी भांडायला सांगतो. त्याची बाजू टिकली तर दोष पर्यायात नसतो. मी प्रश्नातली तथ्ये दुरुस्त करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. दाव्याची रक्कम 31,150 रुपये होती. ती विचारून कायदा तपासला जात नाही. बरोबर पर्याय सगळ्यात लांब ठेवू नये, मुले लांबी पाहूनच खूण करतात. ‘वरीलपैकी एकही नाही’ हा चौथा पर्याय न सुचल्याची कबुली असते. आणि प्रश्न आजचा वाटावा म्हणून फोनऐवजी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश घालू नये. तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 13 लागते आणि संदेश कुठून पाठवला, कुठे मिळाला हे त्यात सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंच्या व्यवसायाच्या ठिकाणावरून धरले जाते. त्यावर प्रश्न हवा असेल तर तो त्या कलमावरून वेगळा काढावा.